सोमवारी सव्वादहाला वर्गात काय होतं?

अर्जाच्या फाइलमध्ये एक पान असं असतं, की त्यावरचं नाव खोडून दुसऱ्या उमेदवाराचं नाव घातलं तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. ते ‘टीचिंग फिलॉसॉफी’चं पान. विद्यार्थी हाच माझ्या अध्यापनाचा केंद्रबिंदू. पाठांतरावर नव्हे, संकल्पनांवर भर. प्रत्येक विद्यार्थी वेगळा. आजच्या तरुणाला इंडस्ट्री-रेडी करणं हे माझं ध्येय. पान संपतं, पण हा माणूस सोमवारी सव्वादहाला वर्गात शिरल्यावर नेमकं काय करतो, याचा पत्ता लागत नाही.

हिंजवडीत हे पान जरा जास्तच येतं. राजीव गांधी इन्फोटेक पार्कात कंपन्यांना खेटून शिक्षणसंस्था उभ्या आहेत. आय-स्क्वेअर-आयटी आहे, सिंबायोसिसचा इन्फोटेक कॅम्पस आहे, आणि माण-मारुंजीच्या बाजूला अभियांत्रिकी कॉलेजं आहेत. त्यामुळे प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज दोन दारांनी येतात. एका दाराने पीएचडी, नेट-सेट झालेले. दुसऱ्या दाराने कंपनीत दीड-दोन दशकं काढून शिकवायला निघालेले. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हापासून या दुसऱ्या दाराला रीतसर चौकट मिळाली. किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, पीएचडीची अट नाही, आणि अशी पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांच्या आत राहायला हवीत. दोन्ही दारांनी येणारी माणसं वेगळी, पण पान मात्र एकच. इंडस्ट्री-रेडी हा शब्द तर दोघांच्याही पहिल्या परिच्छेदात ठरलेला.

सिलेक्शन कमिटीत सब्जेक्ट एक्स्पर्ट म्हणून बसले की मी या पानावर एक साधी चाचणी लावते. वाक्य उलटं करून बघते. ‘मी विद्यार्थ्यांना केंद्रस्थानी ठेवत नाही’ असं कुणी लिहील का? लिहिणार नाही. मग सरळ वाक्यानेही काही सांगितलेलं नाही. ‘पहिल्या वीस मिनिटांत मी कोड दाखवत नाही’ हे उलटवून बघा. ‘मी पहिल्या मिनिटापासून कोड दाखवतो’ असं म्हणणारे चांगले शिक्षक भरपूर सापडतील. म्हणजे इथे उमेदवाराने एक बाजू घेतली आहे, तिच्याबद्दल त्याला प्रश्न विचारता येतो, त्याच्याशी वाद घालता येतो. पेन्सिल घेऊन या चाचणीत नापास झालेली सगळी वाक्यं खोडा. दोन पानांच्या निवेदनात बहुतेक वेळा पाच-सहा ओळी उरतात. वाचायच्या त्या.

खरा अर्ज इथे उघडा करणं योग्य नाही, म्हणून नमुना मीच रचून देते. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवणाऱ्या उमेदवाराच्या पानावर उरलेल्या ओळी अशा आहेत असं समजा:

‘लिंक्ड लिस्टमध्ये मधेच नोड घालायचा, इथे वर्ग अडतो. मी आधी कोड दाखवत नाही. मुलं कागदावर चौकोन आणि बाण काढतात. मग फळ्यावर दोन ओळी लिहितो आणि विचारतो, यातली आधी कोणती? आणि क्रम उलटा केला तर लिस्ट छापताना काय दिसेल? उत्तर प्रत्येकाने आधी एकट्याने लिहायचं, मगच शेजाऱ्याशी बोलायचं. गेल्या वर्षी ६४ पैकी २७ जणांचा क्रम उलटा आला. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला तोच पेच वेगळ्या रूपात दिला, या वेळी लिस्टच्या सुरुवातीला नोड घालायचा. ११ जण चुकले. त्यांच्याशी एकेकट्याने बोललो तेव्हा कळलं, की बाण म्हणजे पुढच्या नोडचा पत्ता हे त्यांच्या डोक्यात नव्हतंच, बाण म्हणजे तो नोडच असं ते धरून चालले होते. यंदा चौकोनांवर १०००, २००० असे पत्ते लिहूनच सुरुवात करतो.’

त्या दोन ओळी अशा:

```c
q->next = p->next;
p->next = q;
```

`p` च्या पुढे नवा नोड `q` घालायचा आहे. आधी नव्या नोडला पुढचा पत्ता द्यायचा, मग जुन्या नोडला नव्याकडे वळवायचं. क्रम उलटा झाला की `p` आधीच `q` कडे वळलेला असतो, आणि मग `q` ला पुढचा पत्ता म्हणून स्वतःचाच पत्ता मिळतो. लिस्टचं उरलेलं शेपूट तुटतं. छापायला घेतलं की स्क्रीनवर एकच आकडा अखंड येत राहतो. दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये ज्याने कधी बॅच घेतली आहे त्याने ही स्क्रीन पाहिलेली असते. उमेदवार प्रश्न ‘काय दिसेल?’ असा विचारतो, कारण मुलाला चूक ऐकवण्यापेक्षा ती त्याच्याकडून आधीच वदवून घेणं जास्त कामाला येतं, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं.

लिस्टच्या सुरुवातीला नोड घालण्याचा दुसरा प्रश्नही नीट बघा. `head` आधी हलवला की तिथेही नेमकी हीच गाठ बसते. म्हणजे उमेदवाराने तोच प्रश्न पुन्हा देऊन पाठांतर तपासलं नाही. त्याने तोच गैरसमज वेगळ्या जागी आहे का ते पाहिलं. ‘संकल्पनांवर भर’ असं त्याने कुठेही लिहिलेलं नाही. भर दिसतो मात्र आहे.

या ओळींत एक साखळी आहे आणि तिच्या चार कड्या मी मोजते. विषयात मुलं नेमकी कुठे अडतात हे माहीत आहे का? तिथे मुलांकडून काय करून घेतलं? जमलं की नाही हे कशावरून ठरवलं? आणि ते पाहून स्वतःच्या शिकवण्यात काय बदललं? प्रत्येक कडीला शून्य, एक किंवा दोन गुण. नुसती घोषणा असेल तर शून्य. पद्धतीचं नाव घेतलं असेल तर एक. वर्गाच्या मागच्या बाकावर बसून डोळ्यांनी पाहता येईल अशी कृती असेल तर दोन. नमुन्यातल्या उमेदवाराला मी आठपैकी आठ देईन, ११ जण चुकले तरीही. खरं तर चुकलेले मोजले आणि त्यांच्याशी जाऊन बोलला, म्हणूनच.

हे चार प्रश्न काही सगळेच माझ्या डोक्यातून उगवलेले नाहीत. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या अध्यापन केंद्राने २००७-०८ च्या सुमारास अशी निवेदनं तपासण्यासाठी एक तक्ता केला. त्यात शिकण्याची उद्दिष्टं, ती गाठण्यासाठी केलेली कृती, ती गाठली का याची तपासणी, सगळ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांना सामावून घेणं, आणि लेखनाची मांडणी अशी पाच अंगं आहेत. मी शेवटच्या अंगाला, मांडणीला, गुण देत नाही. आपल्याकडे ही पानं इंग्रजीत लिहून घेतली जातात. मराठी माध्यमातून आलेला, वर्गात जीव ओतणारा माणूस मोडक्या इंग्रजीत लिहितो आणि सफाईदार इंग्रजीतलं पोकळ पान वरचढ ठरतं. हे मी होताना पाहिलं आहे, आणि त्याची मला चीड येते. भाषेला गुण द्यायचेच असतील तर ते डेमो लेक्चरला द्या, मुलांना कळलं का त्यावर.

पद्धतीच्या नावाला मी एकच गुण का देते, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण कमिटी सगळ्यात जास्त फसते ती इथेच. फ्लिप्ड क्लासरूम, प्रोजेक्ट-बेस्ड लर्निंग, ब्लूम्स टॅक्सॉनॉमी, थिंक-पेअर-शेअर. एनबीएच्या मूल्यांकनासाठी सीओ-पीओचे तक्ते भरून भरून ही नावं आता प्रत्येक कोर्स फाइलमध्ये शिरली आहेत. ती लिहिता येणं म्हणजे ती करता येणं नव्हे.

थिंक-पेअर-शेअरचंच बघू. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या शेकडो मुलांच्या वर्गात ही पद्धत वापरली गेली आणि त्याचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अदिती कोठियाल, ऋतजित मजुमदार, सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांचा तो निबंध. मुलं प्रत्यक्षात काय करतात याची नोंद वर्गात निरीक्षक बसवून केली गेली, आणि सरासरी ८३ टक्के मुलं दिलेल्या कामात गुंतलेली आढळली. हा आकडा निबंधाच्या शीर्षकातच आहे. पण तो गुंतण्याचा आहे, शिकण्याचा नव्हे. आता हा आकडा जवळ ठेवून उमेदवाराचं वाक्य वाचा: ‘मी थिंक-पेअर-शेअर वापरतो.’ एकट्याने विचार करायच्या टप्प्यात मुलांनी काय लिहायचं असतं? लिहिलेलं दिसलं नाही तर जोडी करू देतो की थांबतो? जोडीला तोच प्रश्न देतो की पुढचा? शेवटी वर्गासमोर बोलतं कोण, हात वर करणारी तीच चार मुलं? ज्याने ही पद्धत खरोखर वापरली आहे त्याच्या पानावर यातल्या एखाद्या तरी प्रश्नाचं उत्तर नकळत येऊन जातं. ज्याने नुसतं नाव ऐकलं आहे त्याच्या पानावर नावापुढे पूर्णविराम असतो.

मग येतो पुराव्याचा परिच्छेद. इथे दोन आकडे हमखास असतात. पहिला, ‘माझ्या विषयाचा निकाल ९८ टक्के’. हा आकडा मी बाजूला ठेवते. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये थिअरीच्या १०० गुणांपैकी ३० इन-सेमचे आणि ७० एंड-सेमचे होते. एंड-सेमचा पेपर काढतं विद्यापीठ, तपासतात दुसरे, मुलं आदल्या आठवड्यात मागच्या पाच वर्षांचे पेपर घोकतात आणि क्लासवाल्यांचे व्हिडिओ बघतात. त्या ९८ मध्ये या उमेदवाराचा वाटा किती, हे त्यालाही ठाऊक नसतं.

दुसरा आकडा विद्यार्थ्यांच्या फीडबॅकचा, पाचपैकी ४.८. यावर मात्र भांडायला हवं, कारण त्यात चांगल्या शिक्षकाचंच नुकसान होतं. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत एक प्रयोग झाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना सफाईदार व्याख्यान, काहींना तेच साहित्य पण स्वतः प्रश्न सोडवायला लावणारा तास. चाचणी घेतल्यावर प्रश्न सोडवणाऱ्यांना जास्त गुण मिळाले. पण ‘किती शिकलात?’ असं विचारल्यावर त्यांनीच कमी शिकल्याचं सांगितलं. स्वतः झगडून शिकताना आपल्याला येत नाही असं वाटत राहतं, आणि सुरेख व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. म्हणजे जो मुलांना कागदावर बाण काढायला लावतो, चुकू देतो, त्याला सत्राच्या मध्यात ३.९ मिळू शकतो आणि छान बोलणाऱ्याला ४.८. कमिटीने हे दोन आकडे शेजारी ठेवून निवड केली तर ती उलट्या दिशेने निवड करेल. फीडबॅकमधलं मुलांचं एखादं वाक्य उमेदवाराने दिलं असेल आणि त्यावरून आपण काय बदललं हे लिहिलं असेल, तर ते जरूर वाचा. सरासरीवर जाऊ नका.

आता दुसऱ्या दाराने आलेल्यांचं काय? पंधरा वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं, कॉलेजात एकही सेमिस्टर शिकवलं नाही. त्यांना ‘वर्गातला पुरावा दाखवा’ म्हणणं अन्याय आहे, आणि म्हणून त्यांच्या घोषणा चालवून घेणं हाही अन्यायच आहे, फक्त तो मुलांवर होतो. कंपनीत शिकवणं रोज चालतं. नव्या भरतीच्या बॅचचं ट्रेनिंग असतं, कोड रिव्ह्यू असतो, प्रॉडक्शनमध्ये काही पडलं की त्यानंतरची बैठक असते. ज्याने तिथे खरोखर कुणाला तरी घडवलं आहे तो लिहू शकतो: नवीन मुलगा एरर मेसेज वाचतच नाही, थेट माझ्याकडे येतो, म्हणून मी नियम केला की येताना मेसेजचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहून आणायचा. चारही कड्या इथेही भरता येतात. याउलट ‘उद्योगातला माझा समृद्ध अनुभव मी वर्गात आणेन’ या वाक्याला शून्य. काय आणणार, कुठल्या तासाला आणणार, पॉइंटर न कळलेल्या मुलापर्यंत ते कसं पोहोचणार? या मंडळींचा एक खास दोष मला वारंवार दिसतो. ते मोठ्या सिस्टिमच्या गोष्टी सांगतात आणि दुसऱ्या वर्षाचा मुलगा कुठे उभा आहे याचा अंदाज त्यांना नसतो. पहिल्या कडीतच गाडी अडते. ही अडचण पानावर दिसते, फक्त शोधायला हवी.

तपशील असला म्हणजे तो खरा असतो, असंही नाही. नमुन्यातल्यासारखे ‘६४ पैकी २७’ कुणीही रचू शकतं, मीच रचले आहेत. म्हणून ते पान इंटरव्ह्यूच्या प्रश्नपत्रिकेसारखं वापरायचं. त्यातली एक ओळ उचला आणि खोलात जा. जे चुकले त्यांनी कागदावर काय काढलं होतं, फळ्यावर काढून दाखवा. पत्ते लिहून सुरुवात केल्यावर नवा कोणता घोळ झाला? ज्याने हे केलं आहे त्याला इथे बोलायला बरं वाटतं, तो खुर्चीतून उठतो, आणि बहुतेक वेळा अजून न सुटलेली एखादी अडचण स्वतःहून सांगतो. पत्ते १०००, २००० असे ओळीने लिहिले की मुलांना वाटतं नोड मेमरीत शेजारीशेजारीच असतात, म्हणून आकडे मुद्दाम अस्ताव्यस्त द्यावे लागतात, असं काहीतरी. रचलेल्या तपशिलाला हा पुढचा मजला नसतो. दुसऱ्याच प्रश्नाला माणूस पुन्हा ‘विद्यार्थीकेंद्री’वर येतो.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठांतल्या साहाय्यक प्राध्यापकांच्या शॉर्टलिस्टिंगचा तक्ता आहे. १०० गुणांपैकी पीएचडीला ३०, पदव्युत्तर पदवीला २५ पर्यंत, पदवीला १५ पर्यंत, आणि शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २ या दराने कमाल १०. वर्षं मोजली आहेत, त्या वर्षांत काय केलं ते नाही. पण त्याच नियमावलीने मुलाखतीच्या टप्प्यावर वर्गासारख्या परिस्थितीत तास घेऊन शिकवण्याची क्षमता पाहायला विद्यापीठांना मुभा दिली आहे. तेव्हा नियम आड येतो ही सबब चालणार नाही. आड येते ती आपली सवय. डेमो लेक्चरला समोर पाच प्राध्यापक बसतात, ज्यांना विषय आधीच येतो, आणि उमेदवार पंधरा मिनिटं स्लाइड वाचतो. त्याऐवजी दुसऱ्या वर्षाची सहा मुलं बसवा. उमेदवाराने पानावर जे लिहिलं आहे तेच त्यांच्याबरोबर करू द्या. नंतर मुलांना कागदावर एक प्रश्न द्या. पान आणि तास एकमेकांना ओळखतात का ते तिथे कळतं.

वाचण्याची पद्धतही बदलायला हवी. दोघांनी वेगवेगळं वाचावं, बायोडाटा बघायच्या आधी गुण लिहावेत आणि मगच एकमेकांना दाखवावेत. आयआयटीचं नाव आधी दिसलं की साध्या वाक्यातही खोली दिसायला लागते. दोघांच्या गुणांत तीनपेक्षा जास्त फरक असेल तर कोणत्या ओळीवरून तो पडला ते बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवायला ओळ सापडत नसेल तर तो गुण इंग्रजीला दिलेला असतो.

आणि दोष सगळा उमेदवारांचा नाही. जाहिरातीत आपणच ‘अध्यापनविषयक तत्त्वज्ञान, दोन पाने’ असं मोघम मागतो, मग मोघमच मिळतं. पुढच्या जाहिरातीत हे छापा: तुमच्या विषयातला एक टॉपिक निवडा, जिथे विद्यार्थी हमखास चुकतात. ती चूक जशीच्या तशी लिहून दाखवा. त्या तासाला विद्यार्थ्यांकडून काय करून घेता ते क्रमाने लिहा. समजलं की नाही हे तपासायला विचारलेला प्रश्न सोबत जोडा. मागच्या वेळी काय फसलं आणि त्यानंतर काय बदललं ते सांगा. कॉलेजात शिकवलं नसेल तर कामाच्या जागी कुणाला शिकवलं त्यावर लिहा. एक पान, मराठी किंवा इंग्रजी. सोबत एक तपासलेला कागद, विद्यार्थ्याचं नाव झाकून, समासात तुमच्या हाताने लिहिलेल्या शेऱ्यासह.